घरमालकाकडे प्लंबर, वायरमन आणि गॅसवाल्याचा नंबर मागताना

लातूरहून नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा कर्वेनगरमध्ये एका मैत्रिणीबरोबर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. घरमालक काका-काकू नाशिकला राहायचे. किल्ली देताना काकांनी एका चिठ्ठीवर तीन मोबाइल नंबर लिहून दिले आणि म्हणाले, "काही लागलं तर यांना फोन कर, सगळे आपल्या ओळखीचे आहेत." मी चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला. चार महिन्यांनी एका शनिवारी संध्याकाळी गॅस संपला आणि फोन लावायला घेतले, तेव्हा कळलं की चिठ्ठीवरचा गॅसचा नंबर सिलिंडर आणून देणाऱ्या मुलाचा होता आणि तो दोन वर्षांपूर्वीच काम सोडून गावी गेला होता. प्लंबरचा नंबर बरोबर होता, पण त्याने विचारलं, "कोण? कुठला फ्लॅट?" मला फक्त काकांचं आडनाव सांगता आलं आणि त्या आडनावाची त्याची पाच-सहा गिऱ्हाइकं होती.

त्यानंतर मी पुण्यातच आणखी दोन घरं बदलली. आता नंबर मागताना त्याच्याबरोबर आणखी चार गोष्टी विचारते, कारण ओळखीच्या माणसाची खरी किंमत त्या चार गोष्टींत असते. नवीन शहरात पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं पुण्यातली आहेत, पण नाशिक, नागपूर, ठाण्यातही यातलं बहुतेक जसंच्या तसं लागू पडेल.

किल्ली घ्यायच्या दिवशी

नंबर मागायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे किल्ली हातात घ्यायचा दिवस. त्या दिवशी घरमालक किंवा त्यांचं कुणीतरी घरात तुमच्यासोबत उभं असतं. एकदा ते नाशिकला किंवा पुण्याच्या दुसऱ्या टोकाला गेले की फोनवर "तो डक्टमधला कॉक कुठला?" हे विचारून समजत नाही.

घरातून फिरताना तीन जागा बोटाने दाखवून घ्या. पहिली, तुमच्या फ्लॅटचं पाणी बंद करायचा कॉक. बहुतेक इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाइपवर प्रत्येक फ्लॅटचा वेगळा व्हॉल्व्ह असतो. तो कधी बाथरूमच्या मागच्या डक्टमध्ये असतो, कधी थेट गच्चीवर. गच्चीवर एका रांगेत आठ-दहा व्हॉल्व्ह असतील तर तुमचा कोणता ते विचारा आणि घरात एकाला नळ सुरू ठेवायला सांगून, बंद करून खात्री करा. हे दोघांनी करायचं पाच मिनिटांचं काम आहे. मध्यरात्री बाथरूमचा नळ हातात निघून आला तर प्लंबर येईपर्यंत हा कॉकच घर वाचवतो.

दुसरी जागा म्हणजे मेन स्विचचा डबा आणि तळमजल्यावरच्या मीटर रूममधलं तुमचं मीटर. मीटरवर किंवा शेजारी फ्लॅट नंबर लिहिलेला असतो. तो पुसट झाला असेल तर वीजबिलावरचा मीटर क्रमांक ताडून पाहा. बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण महावितरणकडे तक्रार करताना त्यावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक लागतो आणि तो मालकाच्या नावाच्या बिलावर असतो.

तिसरी जागा स्वयंपाकघरातली. तिथे सिलिंडर आहे की पाइप गॅस, हे डोळ्यांनी दिसतंच. विचारायचं ते वेगळं आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण बाहेरून आलेल्या माणसाची सगळ्यात जास्त अडचण गॅसपाशी होते.

मागायचं कसं

घरमालक वयाने मोठे असतील तर फोनवर पटापट नंबर सांगणं त्यांना जड जातं. एखादा आकडा चुकतो, मग पुन्हा फोन करायचा संकोच वाटतो. त्यामुळे आधी दोन मिनिटं फोनवर बोलावं आणि मग व्हॉट्सॲपवर मेसेज टाकावा. मी तिसऱ्या घराच्या वेळी पाठवलेला मेसेज असा होता:

"काका, नमस्कार. सामान लावून झालं, घर छान आहे. तुमच्या ओळखीच्या प्लंबरचा आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर पाठवाल का? त्यांना फोन करताना कोणाचं नाव सांगू? आपल्या फ्लॅटमध्ये त्यांनी याआधी कोणतं काम केलंय, शेवटचं साधारण कधी आले होते, तेही आठवत असेल तर सांगा. गॅसचं कनेक्शन कोणत्या एजन्सीचं आहे आणि कोणाच्या नावावर आहे, तेवढंही हवं होतं. घाई नाही, रविवारपर्यंत सांगितलंत तरी चालेल."

यातले प्रश्न विचार करून घातलेले आहेत. "कोणाचं नाव सांगू?" हा सगळ्यात कामाचा. प्लंबरच्या डोक्यात घरं आडनावाने नसतात. "गणपती मंदिराशेजारची बिल्डिंग, बँकेतले काका, तिसरा मजला" अशी असतात. त्या तिसऱ्या घराचे काका बँकेतून निवृत्त झाले होते आणि प्लंबर त्यांना बँकवाले काका म्हणत असे, हे मला या प्रश्नामुळे कळलं. तेवढं सांगितलं की पलीकडचा माणूस लगेच मोकळा बोलतो.

"शेवटचं कधी आले होते?" यातून नंबर चालू आहे की नाही याचा अंदाज येतो. "अरे, कोविडच्या आधी कधीतरी" असं उत्तर आलं तर तो नंबर आजच लावून पाहायचा, गरज पडेपर्यंत थांबायचं नाही. आणि "कोणतं काम केलं होतं?" याचं उत्तर म्हणजे त्या घराचा इतिहास असतो. दोन वर्षांपूर्वी बाथरूमच्या टाइल्स बदलल्या, गीझरची लाइन वेगळी ओढली, असं काही कळलं की पुढे बिघाड झाल्यावर कुठे बघायचं ते ठरवता येतं.

मुली एकट्या राहत असतील तर आणखी एक विनंती करावी. मी ती दर घरी करते: "काका, तुम्ही एकदा त्यांना फोन करून सांगाल का की नवीन भाडेकरू आहेत, त्यांचा फोन येईल?" मालकाने स्वतः ओळख करून दिली की येणारा माणूस वेगळ्या जबाबदारीने येतो, ठरल्या वेळेला येतो आणि पैशांबाबत वाजवी राहतो. कुठलाही घरमालक याला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

आलेले नंबर तपासून ठेवा

नंबर आले की त्याच आठवड्यात दोन्ही ठिकाणी फोन करा. काही काम नसलं तरी चालतं. "नमस्कार दादा, बँकवाल्या काकांच्या फ्लॅटमध्ये आम्ही नवीन राहायला आलोय. तुमचा नंबर त्यांनी दिला. सध्या काही काम नाही, लागलं तर फोन करते. आपल्याकडे यायचे किती घेता?" एवढं पुरतं. शेवटचा प्रश्न नुसत्या येण्याच्या पैशांचा आहे. काही जण काम केलं तर येण्याचे वेगळे घेत नाहीत, काही जण घेतात. हे आधी माहीत असलं की नंतर दारात घासाघीस होत नाही.

फोनमध्ये नाव साठवताना फक्त "प्लंबर" असं ठेवू नका. दोन वर्षांत तुमच्याकडे पाच प्लंबर जमतात. मी "प्लंबर – कर्वेनगर फ्लॅट ७ – बँकवाले काका" असं लिहिते. ओळख सांगायचं वाक्य फोन लावतानाच समोर दिसतं.

फोन लागला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा आणि तरीही नाही लागला तर मालकाला तसं कळवा. त्यांच्याकडेही जुनाच नंबर असतो, त्यांनाही ते कळणं गरजेचं आहे.

प्लंबर: घर माहीत असलेला माणूस का हवा

नळाचा वॉशर बदलणं, फ्लशच्या टाकीतला बॉल बसवणं ही कामं कोणताही चांगला प्लंबर करेल. मालकाच्या माणसाची गरज लागते ती भिंतीत किंवा जमिनीत काही बिघडतं तेव्हा. आमच्याकडे ते पहिल्याच पावसाळ्यात झालं.

खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या आणि त्यांच्या बाथरूमच्या छतावर ओल आल्याचं सांगितलं. चिठ्ठीवरच्या प्लंबरने मला तोवर ओळखलं नव्हतं, म्हणून मैत्रिणीने ऑफिसमधल्या कुणाकडून तरी एक नंबर मिळवला. त्या माणसाने पाच मिनिटं बघून सांगितलं की सगळ्या फरशा फोडाव्या लागतील. मी नाशिकला काकांना फोन केला. काका म्हणाले, "थांब, फोडू नको काही, मी त्याला पाठवतो."

संध्याकाळी काकांचा प्लंबर आला. त्याने आधी खाली जाऊन ओल नेमकी कुठे आहे ते पाहिलं, मग आम्हाला एक चाचणी सांगितली. रात्री झोपताना गच्चीवरचा आमच्या फ्लॅटचा कॉक बंद करायचा, सकाळी खाली जाऊन बघायचं. कॉक बंद असतानाही ओल तेवढीच राहिली किंवा टपकलं, तर नळाच्या पाइपमध्ये बिघाड नाही, कारण त्यात रात्रभर दाब नव्हता. नळाची लाइन फुटलेली असेल तर पाणी रात्रंदिवस झिरपतं आणि कॉक बंद केला की कमी होतं. सांडपाण्याकडे गळती असेल तर आंघोळीनंतर वाढते आणि दिवसभर कमी कमी होत जाते. आमच्याकडे रात्री फरक पडला नाही. मग त्याने चार दिवस त्या बाथरूममध्ये आंघोळ करायची नाही, दुसरं वापरायचं असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी खालची ओल सुकायला लागली.

मग तो म्हणाला, "नहाणीच्या जाळीखाली जो ट्रॅप आहे, तो मीच बसवलाय. टाइल्स बदलताना त्याच्या भोवतीची जागा नीट भरली नव्हती, तेव्हाच काकांना बोललो होतो." त्याने जाळी काढली, कडेची सैल झालेली जागा खरवडून नव्याने भरली आणि दोन दिवस वापरायचं नाही असं बजावलं. एकही टाइल फुटली नाही. दुसऱ्या माणसाने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याला ट्रॅप कुठे आणि कसा बसवलाय हे माहीतच नव्हतं, म्हणून त्याच्याकडे फोडणं हाच उपाय होता.

अशी गळती दिसली की मी आता हाच क्रम पाळते: कॉक बंद करून बघणं, मग त्या बाथरूमचा वापर थांबवून बघणं, आणि मगच फरशीला हात. काँक्रीटच्या आतला पाइपच फुटला असेल तर फोडावं लागतंच, त्याला इलाज नाही. पण ते घर मालकाचं आहे, त्यामुळे फोडायचा निर्णय मालकाचाच असावा आणि तो लेखी, म्हणजे निदान मेसेजवर तरी घ्यावा.

पाणीच येत नसेल तर प्लंबरला बोलावण्याआधी शेजारी विचारा. पुण्यात महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते बरेचदा गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी दाब कमी असतो. शेजाऱ्यांकडेही पाणी नसेल तर प्रश्न सोसायटीच्या टाकीचा किंवा पंपाचा आहे, तुमच्या नळाचा नाही. त्यासाठी वॉचमन किंवा सेक्रेटरी गाठायचे.

वायरमन: आधी ठरवा, बिघाड मीटरच्या कोणत्या बाजूला

लाइट गेली की पहिला फोन कोणाला करायचा, हे मीटरवरून ठरतं. मीटरपर्यंतची लाइन महावितरणची आणि मीटरनंतरची घराची. जिन्यातला दिवा आणि समोरच्यांचे दिवे लागलेले आहेत का ते बघा. सगळीकडे अंधार असेल तर १९१२ या टोल फ्री क्रमांकावर ग्राहक क्रमांक सांगून तक्रार नोंदवा. फक्त तुमच्याच घरात अंधार असेल तर मेन स्विचचा डबा उघडा.

डब्यात एक मोठा स्विच आणि छोटे छोटे एमसीबी असतात. खाली पडलेला एमसीबी एकदाच वर करून बघा. लगेच पुन्हा पडला तर जबरदस्ती करू नका, तो धोका सांगतोय. मग सगळे छोटे एमसीबी खाली करा, मोठा वर करा आणि छोटे एकेक करून वर करा. ज्याच्यावर येऊन लाइट जाते, त्या लाइनवर बिघाड आहे. तो बंद ठेवून बाकीचं घर चालू ठेवता येतं आणि वायरमनला फोनवर नेमकं सांगता येतं की "गीझरची लाइन घेतली की ट्रिप होतं." एवढं सांगितलं की तो हाताशी योग्य सामान घेऊन येतो. पुण्यात हिवाळ्यात बंद पडणाऱ्या गीझरचं कारण बरेचदा आतला हीटिंग एलिमेंट असतो. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्यावर क्षार बसतात आणि तो लवकर जातो. या घरात एलिमेंट शेवटचा कधी बदलला, हे मालकाला विचारून ठेवण्यासारखं आहे.

मालकाने दिलेल्या इलेक्ट्रिशियनबद्दल मी एक गोष्ट जास्तीची विचारते: त्याच्याकडे वायरमनचा परवाना आहे का. महाराष्ट्रात तो सरकारी अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो. पंखा किंवा ट्यूब बदलायला त्याचं काही अडत नाही. पण मेन बोर्ड बदलणं, एसीसाठी नवी लाइन ओढणं असलं काम असेल तर परवाना असलेलाच माणूस बोलवा. गीझर साधारण २००० वॅटचा असतो, म्हणजे जवळपास ९ अँपिअर ओढतो. तो टीव्हीच्या लहान सॉकेटवर चालवला की सॉकेट काळा पडतो आणि वायर वितळते. घर घेतल्यावर गीझरचा सॉकेट मोठ्या पिनचा, १६ अँपिअरचा आहे का आणि त्याच्याभोवती काळपट डाग आहेत का, हे स्वतः बघा. डाग असतील तर पहिल्याच आठवड्यात मालकाला फोटो पाठवा, म्हणजे तो तुमच्या वापराने झालेला नाही याची नोंद राहते.

आणि कुणीही कितीही ओळखीचा असला तरी मीटरचं सील तोडू देऊ नका. त्याला हात लावायचा अधिकार फक्त महावितरणच्या माणसांना आहे, आणि भुर्दंड बिल ज्याच्या नावावर आहे त्या मालकाला पडतो.

गॅस: इथे नंबर पुरत नाही, नाव लागतं

आता त्या शनिवारच्या गोष्टीकडे येते. काकांच्या नावावरच सिलिंडर होतं आणि आम्ही ते वापरत होतो. सोय म्हणून काकांनी तसंच ठेवलं होतं आणि आम्हालाही बरं वाटलं होतं. एजन्सीचा खरा नंबर शोधून दुसऱ्या दिवशी फोन केला, तेव्हा कळलं की बुकिंग नोंदणी केलेल्या मोबाइलवरूनच होतं. काकांनी नाशिकहून बुकिंग केलं. मंगळवारी दुपारी सिलिंडर दारात आलं आणि आणणाऱ्याने कोड मागितला. हा कोड नोंदणीच्या मोबाइलवर येतो आणि तो सांगितल्याशिवाय सिलिंडरची नोंद पूर्ण होत नाही. काका दुपारी झोपले होते, फोन सायलेंटवर. सिलिंडर परत गेलं. आम्ही आणखी दोन दिवस बाहेरून डबा मागवला.

गैरसोय हा यातला लहान भाग आहे. घरगुती कनेक्शन एका व्यक्तीच्या नावाने एका पत्त्यासाठी असतं. आधारची पडताळणीसुद्धा त्याच व्यक्तीची होते, आणि गॅस कंपन्यांचा अपघात विमा नोंदलेल्या ग्राहकासाठी आणि नोंदलेल्या पत्त्यासाठी असतो. दुसऱ्याच्या कनेक्शनवर स्वयंपाक करणाऱ्या भाडेकरूची बाजू अपघातानंतर अगदी लंगडी पडते. म्हणून मालकाकडून गॅसवाल्याचा नंबर घ्या, पण त्यांचं सिलिंडर घेऊ नका. त्यांना एवढंच विचारा की या इमारतीत कोणत्या एजन्सी सिलिंडर देतात, ऑफिस कुठे आहे आणि पाइप गॅस आहे का.

मग तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

गावी तुमच्या स्वतःच्या नावावर कनेक्शन असेल तर ते बदलून आणा. दुसऱ्या शहरात जाताना गावाकडच्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर परत द्यायचे, अनामत रक्कम परत घ्यायची आणि ट्रान्सफरचा कागद घ्यायचा. तो नव्या शहरातल्या त्याच कंपनीच्या एजन्सीत दाखवून आजच्या दराने अनामत भरायची. जुनी अनामत कमी आणि नवी जास्त असते, हे धरून चाला. शेगडी तुमचीच असते, ती आणायची. मी निघताना हे केलं नाही आणि नंतर केवळ यासाठी लातूरला एक फेरी मारावी लागली. पुण्यातल्या पुण्यात त्याच कंपनीच्या दुसऱ्या एजन्सीकडे जाताना मात्र काम सोपं असतं, सिलिंडर परत करावं लागत नाही.

कनेक्शन नसेल तर नवीन घ्या. आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि भाड्याच्या घरासाठी नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार चालतो. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. मालक "नोटरी करून टाकू" म्हणत असतील तर गॅसचं कारण पुढे करून नोंदणीचा आग्रह धरा. माझ्या दुसऱ्या घरी मालकांना त्यामुळेच पटलं.

कागद होईपर्यंतची सोय म्हणून ५ किलोचं छोटं सिलिंडर मिळतं. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ते मिळतं. किलोमागे ते महाग पडतं, म्हणून कायमचं वापरण्यात अर्थ नाही, पण पहिला महिना निभावून जातो. कोपऱ्यावर मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. त्यात गळती तपासली जात नाही आणि ते बेकायदा आहे.

पाइप गॅस असेल तर एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा: गावाहून आणलेली सिलिंडरची शेगडी त्याला तशीच जोडता येत नाही. पाइपमधला गॅस वेगळा आणि कमी दाबाचा असतो, त्याला मोठ्या भोकाचे जेट लागतात. जुन्या जेटवर ज्योत अगदी बारीक येते. पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडचा पुरवठा आहे, तेव्हा जेट बदलण्यासाठी त्यांच्याच अधिकृत माणसाला बोलवायचं. मालकाला त्या कनेक्शनचा ग्राहक क्रमांक आणि शेवटचं भरलेलं बिल मागा, आणि मीटरवरचा त्या दिवशीचा आकडा फोटो काढून त्यांना पाठवा.

सिलिंडर दारात आलं की दोन मिनिटं थांबवून घ्यायचं. आधी सील बघा. मग सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर कोरलेलं रिकामं वजन वाचा. समजा १५.८ किलो आहे, तर १४.२ किलो गॅस धरून काट्यावर ३० किलो यायला हवं. काटा आणणाऱ्याकडे असायला हवा, मागितलात तर त्याने वजन करून दाखवणं त्याचं काम आहे. त्याच पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात, म्हणजे पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे वर्षाचे. मुदत उलटून गेलेलं सिलिंडर परत पाठवा. बिलावरची रक्कम घरपोच आणून देण्यासकटची असते, वर वीस-तीस रुपये देणं बंधनकारक नाही. तिसऱ्या मजल्यावर जिन्याने आणणाऱ्याला मी स्वखुशीने चहाचे देते, पण कुणी ते हक्काने मागत असेल तर एजन्सीत सांगता येतं.

मालकांच्या घरातली जुनी रबरी नळी वापरू नका. नारिंगी सुरक्षा होज पाच वर्षं चालते आणि तिच्यावर तारीख छापलेली असते. जोडल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, काडी पेटवून कधीही नाही. वास आला तर शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका, पंख्याच्यासुद्धा नाही. मग घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. हा सिलिंडरच्या गळतीसाठीचा देशभरचा चोवीस तासांचा क्रमांक आहे. मी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे, कारण घाबरल्यावर फोनमध्ये शोधणं जमत नाही.

पैसे कोणी द्यायचे

हे नंबर मागतानाच विचारून घ्या, कारण बिल आल्यावर विचारलेलं दोघांनाही टोचतं. करारात बहुधा "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी" एवढंच असतं आणि किरकोळ म्हणजे किती ते नसतं. मी नाशिकच्या काकांना विचारलं, "पाचशेच्या आतलं आम्ही बघतो, त्यावरचं तुम्हाला विचारून करतो आणि भाड्यातून वळते करतो, चालेल का?" काकांनी लगेच हो म्हटलं. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तो मेसेजवर ठरलेला असू द्या. नळ, बल्ब, वॉशर आपल्याकडे. भिंतीतली लाइन, मेन बोर्ड, गळती, गीझर जुना होऊन बिघडला तर तो मालकाकडे, असं साधारण धरलं जातं.

दुरुस्तीआधीचा एक फोटो, प्लंबरने सांगितलेली रक्कम आणि "करू का?" एवढं पाठवा. काम झाल्यावर दुसरा फोटो आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट. बाथरूमच्या त्या कामाचे ६०० रुपये झाले. काकांनी पुढच्या भाड्यातून कमी करायला सांगितले आणि वर्षभराने अनामत परत करताना त्यांनी काहीही कापलं नाही.

मालकाकडे कुणीच नसेल तर

काही मालक परदेशात असतात, काहींनी घर घेतल्यापासून कधी तिथे राहिलेलेच नसतात. त्यांच्याकडे नंबर नसतो आणि मग ते कोणत्या तरी ॲपवरून बोलवायला सांगतात. त्याआधी गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जा. तिथला प्लंबर त्या दुकानातून रोज सामान उचलतो, बरेचदा उधारीवर, त्यामुळे दुकानदाराच्या गिऱ्हाइकाशी तो वाईट वागत नाही. वायरमनसाठी इलेक्ट्रिकलच्या दुकानात विचारा. दुकानदाराला "आमच्या बिल्डिंगमध्ये कोण येतं?" असं विचारलं तर तुमच्या इमारतीचे पाइप माहीत असलेला माणूसच मिळतो. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनाही विचारा. त्या इमारतीत पंधरा वर्षं असतील तर त्यांच्याकडे मालकापेक्षा चांगली यादी असते.

मी ते पहिलं घर सोडलं तेव्हा माझ्या वहीत त्या फ्लॅटची एक पान भरून नोंद होती: कोणता कॉक गच्चीवर कितवा, ट्रॅप कधी भरला, एलिमेंट कधी बदलला, कोणाला काय नाव सांगायचं. काकांना तिचा फोटो पाठवला. पुढच्या भाडेकरूला त्यांनी तोच पाठवला, असं काकूंनी फोनवर सांगितलं.